‘सुंदर’ हा शब्द छापील मालवाल्यांना देऊन टाका

भाईंदर पूर्वेला, नवघर रोडवर, मावशीचं घर आहे. तिच्या लोखंडी कपाटावर पुठ्ठ्याच्या नळ्यांची चवड रचलेली असायची. घरी आलेल्या माणसाला वाटायचं, हा पाठवायचा माल आहे. तो परत आलेला माल होता. प्रत्येक नळीत कापडावर काढलेलं एक वारली चित्र, आणि पोर्टलवर प्रत्येक नळीसमोर गिऱ्हाइकाने निवडलेलं कारण जवळपास एकच: वर्णनाशी जुळत नाही.

ते वर्णन मी लिहिलेलं होतं. म्हणून आज मी जी तक्रार करणार आहे तिच्यात पहिली आरोपी मीच आहे.

मावशी सख्खी नाही, आईची मैत्रीण. डहाणू तालुक्यात शाळेत शिकवण्यात तिची नोकरी गेली. निवृत्त होऊन भाईंदरला मुलाकडे आली तेव्हा तिथल्या एका कुटुंबाची चित्रं ऑनलाइन विकून द्यायचं तिने मनावर घेतलं. नवरा-बायको आणि बायकोची जाऊ असे तिघे काढतात. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांच्यापैकी कुणीतरी डहाणूहून विरारला येतं, तिथे गाडी बदलतं आणि भाईंदरला उतरतं. सोबत कापडाची गुंडाळी. मी मीरा रोडला राहते, ‘कंटेंट’ लिहिते, म्हणून लिस्टिंगचं काम माझ्याकडे आलं.

मी काय लिहिलं, ते सांगते. शीर्षक इंग्रजीत होतं, उच्चारात देते: ‘ब्यूटिफुल हँडमेड ट्रॅडिशनल वारली आर्ट वॉल हँगिंग फॉर होम डेकोर, परफेक्ट गिफ्ट’. खाली पाच मुद्दे. तुमच्या घराला पारंपरिक स्पर्श, उत्कृष्ट दर्जा, कुशल कारागिरांच्या हातून साकारलेलं, नैसर्गिक रंग, कोणत्याही प्रसंगी भेट द्यायला योग्य. मुख्य फोटोनंतर एक तयार टेम्प्लेट: राखाडी सोफा, वर भिंत, भिंतीवर आमचं चित्र चिकटवलेलं. हे सगळं मी एका ‘लिस्टिंग एक्स्पर्ट’च्या कोर्समधून शिकले होते. कोर्सचं ब्रीदवाक्य होतं की गिऱ्हाईक वस्तू घेत नाही, भावना घेतं.

भावना परत पाठवता येत नाही. वस्तू येते.

आता तुमच्या फोनवर एक प्रयोग करा. कुठल्याही मोठ्या बाजारात ‘वारली’ शोधा. उशीचे अभ्रे, मग, भिंतीचे स्टिकर, कॅनव्हासवर मशीनने छापलेली चित्रं आणि त्यांच्या मधेच कुठेतरी हाताने काढलेली. आता फोटो झाका आणि नुसती वर्णनं वाचा. हाताने काढलेलं कुठलं आणि छापलेलं कुठलं, हे सांगता येतं का बघा. मला आलं नाही. माझं स्वतःचं लिस्टिंगही मला त्यात ओळखता आलं नाही. छापणाराही ‘पारंपरिक’ लिहितो, ‘कलात्मक’ लिहितो, ‘हँडक्राफ्टेड’सुद्धा बिनदिक्कत लिहितो. चौकट हाताने ठोकली, झाली हँडक्राफ्टेड.

माझं म्हणणं एवढंच आहे: हाताने केलेल्या वस्तूचं वर्णन विशेषणांनी करणं हे छापील मालवाल्याला फुकट मदत करणं आहे. कारण विशेषण त्यालाही परवडतं. दोन पानांवरचे शब्द सारखेच असतील तर गिऱ्हाइकाकडे तुलना करायला एकच गोष्ट उरते, किंमत. तिथे तो १९९ ला देतो आणि आपण १,२०० सांगतो. मग आपण रडतो की लोकांना कलेची कदर नाही. लोकांना कदर करायला आपण दिलंय काय? ‘उत्कृष्ट दर्जा’?

म्हणून मी आता एकच कसोटी लावते. प्रत्येक वाक्य लिहिलं की विचारते, हे वाक्य छापील मालवाला खोटं न बोलता उचलून आपल्या पानावर लावू शकेल का? लावू शकत असेल तर ते वाक्य आमच्या कामाचं नाही. फोटोलाही हाच प्रश्न. हा फोटो तो काढू शकेल का?

ही कसोटी मला कुठल्या कोर्सने शिकवली नाही. तिच्यामागे एक फोन आहे.

गावातल्या त्या काकींच्या पुतण्याने आमचं पान मोबाइलवर उघडलं आणि त्यांना मराठीत वाचून दाखवलं. त्याने ‘नैसर्गिक रंग’ वाचलं. त्यापुढे मी आणखी एक वाक्य जोडलं होतं की पांढरा रंग तांदळाच्या पिठापासून पारंपरिक पद्धतीने बनवला आहे. हे मी कुठून आणलं? इंटरनेटवरून. वारली चित्रांबद्दलच्या प्रत्येक लेखात ते असतं, आणि भिंतीवरच्या चित्रांबाबत ते खरंही आहे: गेरूने किंवा शेणाने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, आणि टोक चावून कुंचल्यासारखी केलेली बांबूची काडी. पण काकी मला फोनवर म्हणाल्या, “अगं, कापडावर पिठाचा रंग टिकत नाय. गुंडाळी केली का झडतो, किडे लागतात. आम्ही दुकानातला पांढरा वापरतो. विचारलं असतंस तर सांगितलं असतं.”

‘विचारलं असतंस तर.’ ज्यांच्या हाताची तारीफ मी पाच मुद्द्यांत करत होते त्यांना मी एक प्रश्नही विचारला नव्हता. आणि मी खोटं विकत होते. चुकून, अज्ञानाने, चांगल्या हेतूने, पण खोटंच. कायद्याच्या भाषेतही ते तसंच आहे. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांप्रमाणे, वस्तू जाहिरातीत सांगितलेल्या गुणांची नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. म्हणजे पानावरचं प्रत्येक जास्तीचं विशेषण हे गिऱ्हाइकाच्या हातात आधीच भरून दिलेलं परतीचं कारण असतं.

त्या रविवारी मी काकींना दोन तास प्रश्न विचारले. कापड कुठलं? बिनरंगाचं सुती, बाजारातून. पार्श्वभूमी कशाची? काहींना गेरू, काहींना शेणाचा हात. शेणाचा वास येतो का? पहिले काही दिवस येतो, उन्हात टाकलं की जातो. काढता कशाने? मोठ्या आकृत्यांना बाजारातला ब्रश, बारीक रेघांना अजूनही काडी. आधी पेन्सिल? नाही. एका चित्राला किती वेळ? यावर त्या हसल्या. भातलावणीच्या दिवसांत महिना, एरवी तीन-चार दिवस, कारण दिवसभर कुणी चित्रं काढत बसत नाही. चूक झाली तर? “चूक झाली तर तिथं एक झाड काढायचं.”

हे शेवटचं वाक्य मी जसंच्या तसं पानावर घातलं, त्यांना विचारून. आज सगळ्यात जास्त गिऱ्हाइकं त्याच वाक्याबद्दल लिहितात. छापणाऱ्याला ते वाक्य कधीच लिहिता येणार नाही. त्याच्या मशीनची चूक झाली तर तो तुकडा फेकून देतो.

नव्या पानाचं शीर्षक असं झालं: ‘हँड-पेंटेड वारली पेंटिंग ऑन कॉटन क्लॉथ, तारपा डान्स, १८ × १२ इंच, अनफ्रेम्ड’. यात एकही विशेषण नाही, पण शोधणारा माणूस जे शब्द टाइप करतो ते सगळे आहेत. हा मुद्दा जरा नीट सांगते, कारण इथे लोक मला अडवतात. म्हणतात, कीवर्ड नसतील तर पान दिसणारच कसं? बरोबर आहे, कीवर्ड हवेतच. पण ‘ब्यूटिफुल’ हा कीवर्ड नाही. तारपा शोधणारा तारपा टाइप करतो, कापडावरचं हवं असलेला कॉटन टाइप करतो, ज्याची भिंत मोजून झालीय तो इंच टाइप करतो. शोधाचे शब्द आणि खरे शब्द बहुतेक वेळा एकच निघतात. फोनवर शोधाच्या यादीत शीर्षकाचे पहिले सात-आठ शब्दच दिसतात, म्हणून ‘हाताने काढलेलं’ आणि ‘कापडावर’ हे अगदी पुढे. मापही शीर्षकात, कारण खाली कुणी वाचत नाही. ‘अनफ्रेम्ड’ शेवटी, पण आहेच. तो एक शब्द नव्हता तेव्हा फोटोतली चौकट पाहून लोक चौकटीची वाट बघायचे आणि हाती नळी यायची.

पाच मुद्द्यांतला पहिला आता असा आहे: ‘पांढरा रंग बाजारातला आहे, तांदळाच्या पिठाचा नाही, पिठाचा रंग कापडावर गुंडाळताना झडतो.’ मावशी हे वाचून घाबरली. “अगं, आपणच आपली उणीव सांगायची?” मी म्हटलं, मावशी, ही उणीव नाही, हे कारण आहे. ज्याला हे माहीत आहे त्याने काढणाऱ्याला विचारलंय, हे वाचणाऱ्याला कळतं. मग बाकीच्या चार मुद्द्यांवर तो विश्वास ठेवतो. दुसऱ्या मुद्द्यात शेणाचा वास आणि उन्हात टाकायचा उपाय. तिसऱ्यात गावाचं आणि काढणाऱ्यांचं नाव. चौथ्यात, दोन चित्रांत काय सारखं असेल आणि काय वेगळं. पाचव्यात, नळीत नक्की काय येतं.

चौथा मुद्दा सर्वांत अवघड आहे. ऑनलाइन बाजाराची सगळी रचना एका गृहीतावर उभी आहे की एका फोटोमागे हजार सारख्या वस्तू आहेत. काकींकडे दोनही सारख्या नसतात. मग काय करायचं? एक मार्ग, प्रत्येक चित्राचं वेगळं पान, साठा एक. एत्सीसारख्या ठिकाणी हे चालून जातं, तिथली गिऱ्हाइकं तशीच खरेदी करतात. पण जिथे अभिप्राय पानाला चिकटतात तिथे चित्र विकलं की पान मेलं, आणि त्याबरोबर जमवलेले अभिप्रायही. नव्या चित्राला पुन्हा शून्यापासून सुरुवात. दुसरा मार्ग, विषय आणि माप यांचं एक पान, आणि येईल ते चित्र पाठवायचं. यात पान जगतं, पण फोटोतलं चित्र आणि नळीतलं चित्र वेगळं निघतं. आम्ही दुसरा मार्ग घेतला आणि एका फोटोत एकाच विषयाची तीन चित्रं शेजारी-शेजारी ठेवली. खाली लिहिलं: तारपा वाजवणारा मधे आणि नाचणाऱ्यांचा फेर भोवती, हे प्रत्येकात असेल, माणसांची संख्या, झाडं, कोंबड्या बदलतील, मापात अर्ध्या इंचापर्यंत फरक पडेल. तीन चित्रांचा हा फोटो मला आमच्या पानावरचा सर्वांत मोलाचा वाटतो. छापणारा असा फोटो काढायला गेला तर त्याला एकच चित्र तीनदा दिसेल.

फोटोंवर आले आहे तर तेही सांगते.

मुख्य फोटोत आपल्याला फार हात-पाय मारता येत नाहीत. अॅमेझॉनचा नियम सरळ आहे: पार्श्वभूमी शुद्ध पांढरी, वस्तूने चौकटीचा निदान ८५ टक्के भाग व्यापलेला, वर कसलाही मजकूर किंवा लोगो नाही. झूम चालावा म्हणून लांब बाजू निदान १,००० पिक्सेल. एवढं पाळलं की एकच निर्णय आपल्या हातात उरतो: कुठलं चित्र पुढे करायचं. मी आधी सर्वांत भरगच्च चित्र लावलं होतं. लग्न, शेत, ताडाची झाडं, बैलगाडी, सगळं. समोर धरलं तर तास गेला असता बघण्यात. पण शोधाच्या यादीत ते बोटाच्या दोन पेरांएवढं होतं आणि त्या मापात वारलीच्या बारीक पांढऱ्या रेघा म्हणजे तपकिरी कापडावर सांडलेलं मीठ. तारपा नाचाचा फेर मात्र अंगठ्याएवढ्या चित्रातही फेर म्हणून दिसतो. ही तपासणी फुकट आहे: फोटो फोनवर लहान करा, हात लांब करून धरा आणि शेजारच्याला विचारा, काय दिसतंय.

दुसरा फोटो मापाचा. सोफ्यावरच्या टेम्प्लेटने आम्हाला इथेच बुडवलं होतं. साधा सोफा सहा फुटांचा. आमचं चित्र दीड फूट रुंद, म्हणजे सोफ्याच्या चौथा हिस्सा. टेम्प्लेटमध्ये ते अर्धा सोफा व्यापत होतं, म्हणजे गिऱ्हाइकाने तीन फुटांचं चित्र विकत घेतलं. शीर्षकात इंच लिहिले होते का? त्या वेळी खाली कुठेतरी होते. पण इंच आणि फोटो यांत भांडण लागलं तर माणूस फोटोवर विश्वास ठेवतो. आता मावशी स्वतः चित्र दोन्ही हातांत धरून उभी राहते, छातीसमोर, मान फोटोबाहेर. दीड फूट म्हणजे किती, हे माणसाच्या खांद्यांवरून लगेच कळतं. त्यासाठी फुटपट्टी लागत नाही. तिची पोपटी साडी त्या फोटोत फार छान दिसते, हे तिलाही माहीत आहे.

तिसरा फोटो तिरप्या उजेडाचा. याला सामान काहीच लागत नाही, पण वेळ साधावी लागते. मावशीच्या घरात खिडकी एकच आणि समोर दुसरी इमारत. दुपारी बाराला गच्चीवर काढलेले फोटो मी आधी वापरले होते. वरून पडणाऱ्या उन्हात कापड पांढरट दिसतं आणि रंगाचा थर सपाट होतो. चित्र छापल्यासारखंच दिसतं! विचार करा, हाताने काढलेलं चित्र मी छापल्यासारखं दाखवत होते. आता सकाळी साडेनऊच्या सुमारास चित्र खिडकीला आडवं, जवळपास काटकोनात ठेवते. उजेड कापडावर घासत जातो आणि पांढऱ्या रंगाची उंची सावली टाकते. कुंचल्याने जिथे रंग जास्त सोडला तिथे टेकाड दिसतं, जिथे काडी सुकत आली तिथे रेघ तुटलेली दिसते. कापडाचा उभा-आडवा धागाही दिसतो. विरुद्ध बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा धरला की काळोखी बाजू थोडी उजळते. ट्यूबलाइट बंद. खिडकीचा उजेड निळसर आणि घरातला दिवा पिवळसर असे दोन्ही मिसळले की गेरूचा विटकरी रंग कुठे नारिंगी तर कुठे जांभळट होतो, आणि ‘रंग वेगळा निघाला’ ही परत येण्याची दुसरी मोठी सबब. फोनची फिल्टरं बंद. आणि फार जवळून रुंद लेन्सने काढू नका. त्यात चौकोनी कापडाच्या कडा फुगतात. तीन-चार पावलं मागे जा, २x वर काढा.

चौथा फोटो मागच्या बाजूचा. कोर्सवाल्याला हे सांगितलं असतं तर त्याने कपाळाला हात लावला असता. मागे काय दाखवायचं? मागे गेरू झिरपल्याचे डाग दिसतात, कडेला कापडाचे सुटे धागे दिसतात. कापडावर हाताने काम झाल्याचा याहून साधा पुरावा मला सुचत नाही. आणि कडा शिवलेल्या नाहीत, हेही गिऱ्हाइकाला आधीच कळतं. चौकट करणाऱ्याला ती जागा लागतेच.

आता पैशाचं बोलू, कारण शेवटी सगळे तिथेच येऊन विचारतात: कन्व्हर्जन वाढलं का?

कन्व्हर्जन म्हणजे पान उघडणाऱ्या शंभरांपैकी किती जणांनी ऑर्डर दिली. समजा हजार जणांनी पान उघडलं आणि २० जणांनी घेतलं. कन्व्हर्जन २ टक्के. कोर्सवाला टाळ्या वाजवेल आणि तिथेच थांबेल. आपण थांबू नये. समजा त्या २० पैकी ६ परत आले. राहिलेल्या प्रत्येक ऑर्डरमागे काकींचे पैसे, बाजाराचं कमिशन, नळी आणि पाठवणी वजा जाता मावशीला २०० सुटतात. परत आलेल्या प्रत्येकामागे जाण्या-येण्याचा खर्च आणि चेपलेली नळी मिळून १८० जातात. १४ गुणिले २०० म्हणजे २,८००, त्यातून १,०८० गेले, उरले १,७२०. आता खरं वर्णन लावा. काही लोक शेणाचा वास वाचून पळतील, काही माप पाहून. समजा हजारांत १६ जणांनीच घेतलं आणि एक परत आलं. कन्व्हर्जन घसरून १.६ टक्के. पण १५ गुणिले २०० म्हणजे ३,०००, वजा १८०, उरले २,८२०. कमी विकून जास्त उरलं. आकडे सोयीसाठी गोल धरलेत, तुमचे वेगळे असतील. पण तुमच्या पोर्टलवर ऑर्डरींचा आणि परतीचा असे दोन्ही अहवाल असतात. ते शेजारी ठेवून हा हिशेब एकदा कराच. जो सल्लागार फक्त पहिला आकडा दाखवतो तो तुमच्या नुकसानीतून आपलं यश मोजतो आहे.

मावशीच्या बाबतीत पहिल्या महिन्यात ऑर्डरी खरंच घसरल्या. ती मला काही बोलली नाही, पण चहा देताना गप्प असायची. पुढे परतीचे फोन थांबले. मग अभिप्रायांत लोक स्वतः फोटो टाकू लागले, आपल्या भिंतीवरचे. तेव्हा ऑर्डरी पुन्हा चढल्या. गिऱ्हाइकाने टाकलेला फोटो आणि आपला फोटो जुळतात, ही पुढच्या गिऱ्हाइकाला मिळणारी सर्वांत मोठी खात्री. खोट्या टेम्प्लेटच्या काळात तेच फोटो आमच्या विरुद्ध साक्ष देत होते.

हे सगळीकडे चालतं असं मात्र नाही. जिथे गिऱ्हाईक आधी किंमत चढत्या क्रमाने लावतं आणि मग बघतं, त्या बाजारात तुमचं वर्णन कुणी उघडतच नाही. तिथून आम्ही चित्रं काढून घेतली. पुन्हा प्रयत्न करायची माझी इच्छा नाही. मावशीची आहे. यावर आमचं भांडण चालू आहे.

आणखी एका सल्ल्याबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. ‘स्टोरी’ टाका. म्हणजे काय, तर गरीब आदिवासी बाई, मातीचं घर, सुरकुतलेला हात, आणि खाली ‘तुमची एक खरेदी एक चूल पेटवेल’. याने ऑर्डरी येतातही. पण दयेने घेतलेली वस्तू कपाटात जाते, भिंतीवर जात नाही, आणि तो माणूस दुसऱ्यांदा येत नाही. त्याचं पुण्य पहिल्या खेपेलाच पुरं झालेलं असतं. शिवाय काकींचा फोटो पानावर लावायचा की नाही, हे काकींनी ठरवायचं. त्या नको म्हणाल्या. हात दाखवा म्हणाल्या, काम करताना. तेवढेच दाखवतो.

नाव मात्र आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण २०२५ च्या जूनमध्ये आपण सगळेच किती चिडलो होतो ते आठवतं. मिलानच्या मंचावर प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला आणल्या आणि वर्णनात लिहिलं, चामड्याच्या सँडल. कोल्हापूरचा उल्लेख नाही. आरडाओरडा झाला, मग कंपनीने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून हा डिझाइनचा वारसा मान्य केला. माझ्याही स्टेटसला दोन दिवस तेच होतं. आणि त्याच दिवशी माझ्या लिस्टिंगवर काय होतं? ‘कुशल कारागिरांच्या हातून’. कुठले कारागीर, कुठला तालुका, काही नाही. मिलानच्या कंपनीने जे केलं ते मी नवघर रोडवर बसून करत होते, फक्त माझ्याकडे कॅमेरे वळले नाहीत. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन म्हणजे मुळात ठिकाणाचं नाव जपणं. आणि आपण विकणारेच ते नाव गाळून तिथे ‘एथनिक’ लिहितो. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांच्या गावाचं नाव वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. मग आपल्या पानावर गावाचं नाव लिहायला कुठलं धाडस लागतं? अक्षरं फक्त चार-पाच असतात.

नाव लिहिण्यात धोका आहे, हे खरं. गिऱ्हाईक थेट गावात जाईल, मधला माणूस कापला जाईल, अशी भीती विक्रेत्यांना असते. मावशीलाही होती. फोन नंबर आणि पत्ता पानावर टाकायची तशीही परवानगी नसते, म्हणून गाव आणि तालुका एवढंच आहे. अजून कुणी गेलेलं नाही. गेलं तर काकी त्याला जास्त भावाने विकतील असं त्यांनी मावशीला आधीच बजावून ठेवलंय.

गेल्या पावसाळ्यात एक नवी अडचण निघाली. खाडीच्या हवेत कापडाला बुरशी येते आणि नळी बंद असली की ती वाढते. दोन चित्रं त्यात गेली. म्हणून आता जून ते सप्टेंबर नळीत सिलिका जेलची पुडी जाते आणि पाचव्या मुद्द्यात एक ओळ वाढते: ‘मिळाल्याच्या दिवशीच नळीतून काढा.’ ती ओळ कन्व्हर्जनला काय करते, मी मोजलेलं नाही.

परवा नवी गुंडाळी आली. त्यात एका चित्रात फेराच्या मधोमध एक झाड आहे, कुठल्याच तारपा नाचात नसतं तसं. मावशीने चश्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. मी फोन काढला, ट्यूबलाइट बंद केली आणि चित्र खिडकीला आडवं लावलं. झाडाच्या खोडाखाली, तिरप्या उजेडात, एका माणसाचे दोन त्रिकोण अजून दिसत होते.